आजींचा डावा डोळा: मोतीबिंदूचं एक ऑपरेशन आणि आधी देता न आलेलं उत्तर

मार्चच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मुलगा आईला घेऊन आमच्या दवाखान्यात आला. आजींचं वय ६८, बारा वर्षांपासून मधुमेह. तक्रार मुलानेच सांगितली. आई चार दिवसांपूर्वी उंबऱ्याला ठेचकाळून पडली, डाव्या बाजूचं तिला काही दिसतच नाही असं वाटतं. आजींना ते मान्य नव्हतं. "डोळं चांगलं हायत बाई माझं. गेल्या वर्षापासनं बिनचष्म्याची सुई ओवतीया की मी."

दोघंही खरंच बोलत होते, आणि त्या दोन वाक्यांतच निम्मं निदान होतं. घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ठरलेली माहिती प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेली असते. आजींच्या डाव्या डोळ्याने मात्र त्या माहितीत न बसणारा प्रश्न विचारला, म्हणून तो सविस्तर सांगण्याजोगा आहे.

आधी सुईचं कोडं सोडवू. बुबुळाच्या मागे, बाहुलीच्या अगदी पाठीशी, मसुराच्या दाण्याच्या आकाराचं एक पारदर्शक भिंग असतं. वयाबरोबर ते गढूळ होतं, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. तो डोळ्यावर आलेला पडदा नाही, वरून खरवडून काढता येईल असा सायही नाही. काही जणांत या भिंगाचा मधला गाभा आधी घट्ट आणि पिवळसर होतो. गाभा घट्ट झाला की भिंगाची ताकद वाढते आणि डोळ्याला उणे नंबर लागतो. उणे नंबरवाल्याला जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. त्यामुळे साठीनंतर अचानक वाचायचा चष्मा सुटला, सुई ओवता यायला लागली, तर घरात कौतुक होतं. आम्ही मात्र सावध होतो. आजींच्या उजव्या डोळ्याचं नेमकं हेच झालं होतं. सुई त्या उजव्या डोळ्याने ओवत होत्या, आणि डावा कधी मिटला हे त्यांना कळलंच नव्हतं. एक डोळा हळूहळू जातो तेव्हा दुसरा त्याचं काम इतक्या गुपचूप उचलतो की माणसाला पत्ता लागत नाही. मी तळहाताने त्यांचा उजवा डोळा झाकला, तेव्हा त्या एकदम खुर्चीचा हात धरून म्हणाल्या, "दिवं घालवलं व्हय?"

तक्त्यावर उजव्या डोळ्याने ६/३६ दिसलं, चष्म्याचा नंबर लावल्यावर ६/१८. याचा अर्थ असा की निकोप डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला आजींना ६ मीटरपर्यंत जवळ यावं लागतं. डाव्या डोळ्याने तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसेना. तीन फुटांवर धरलेली बोटं तेवढी मोजता आली. बाहुली मोठी करणारे थेंब घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर डाव्या डोळ्याचं भिंग गुळाच्या काकवीसारखं तपकिरी झालेलं होतं.

मुलाने सुटकेचा श्वास टाकला. "मोतीबिंदूच आहे ना? मग काढून टाका, मॅडम. आमच्या शेजारच्या काकांना तिसऱ्या दिवशी पेपर वाचता आला. आईला तसं दिसेल याची गॅरंटी द्या फक्त."

हा प्रश्न आठवड्यातून दहा वेळा येतो. त्याला "नाही" एवढंच उत्तर दिलं तर माणूस घाबरून निघून जातो, आणि पुढच्या गावात "हो" म्हणणारं कुणीतरी त्याला भेटतंच. म्हणून गॅरंटी का देता येत नाही हे दाखवावं लागतं. मी कागदावर डोळ्याचा उभा छेद काढला. पुढे खिडकी, म्हणजे भिंग. मागे भिंत, म्हणजे दृष्टिपटल, ज्याला लोक पडदा म्हणतात. बाहेरचं चित्र खिडकीतून आत येतं आणि भिंतीवर उमटतं. ऑपरेशनमध्ये आम्ही खिडकीची मळकी काच काढून नवी बसवतो. भिंतीला हात लावत नाही. भिंत चांगली असेल तर चित्र चांगलं उमटेल. भिंतीला ओल आली असेल तर नवी काच बसवूनही चित्र फुगलेलं, वाकडं किंवा पुसट दिसेल.

अडचण अशी की ती भिंत पाहायला आम्हालाही त्याच खिडकीतून डोकवावं लागतं. शेजारच्या काकांची काच थोडी धूसर असेल, डॉक्टरांना मागचा पडदा दिसला असेल, आणि तो ठीक आहे हे आधीच कळलं असेल. आजींच्या डाव्या डोळ्यात काकवी होती. मधुमेहाला बारा वर्षं झाली होती, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी ८.९ आली होती, आणि उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे सुरुवातीचे लाल ठिपके दिसत होते. डाव्या पडद्यावरही काहीतरी असणार असा संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं. किती असेल, ते सांगता येत नव्हतं.

अशा वेळी तीन गोष्टी करता येतात, आणि त्या तिन्ही केल्या. पहिली साधी टॉर्चची. अंधारात वरून, खालून, नाकाकडून, कानाकडून प्रकाश पाडायचा आणि तो कुठून येतो ते विचारायचं. आजींनी चारही दिशा बरोबर सांगितल्या. दुसरीसुद्धा टॉर्चचीच. प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवत दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का ते बघायचं. सारख्या आकसल्या, म्हणजे डोळ्यामागची नस बरीच शाबूत असावी. तिसरी डोळ्याची सोनोग्राफी. तिला गढूळ भिंगाचा अडथळा होत नाही. पडदा जागेवर आहे, सुटलेला नाही, आत रक्त साचलेलं नाही, एवढं तिने सांगितलं. पण पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तिथे सूज आहे की नाही हे सोनोग्राफीत कळत नाही. त्यासाठी पडद्याचं प्रकाशाने केलेलं स्कॅनिंग लागतं, ज्याला ओसीटी म्हणतात. काकवीतून तो प्रकाश आत जाईना. मशीनच्या पडद्यावर नुसते राखाडी ठिपके आले.

म्हणून मुलाला जे सांगितलं ते असं होतं: "ऑपरेशन करायला हवं. दिसण्यात फरक पडेल असं मानायला जागा आहे, कारण टॉर्चच्या दोन्ही चाचण्या चांगल्या आल्या. कितपत दिसेल ते आज मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तर कशावरून ते विचारा. ऑपरेशननंतर काच स्वच्छ झाली की पडदा दिसेल, आणि तिथे मधुमेहाचं काही निघालं तर त्याचे उपचार वेगळे आणि खर्चही वेगळा." शेवटचं वाक्य आधी बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. तेच वाक्य नंतर बोललं की ते सबबीसारखं ऐकू येतं.

घरच्यांचं म्हणणं पडलं, दिवाळीनंतर करू, थंडीत जखम चिघळत नाही. पूर्वी टाके घालून, पडून राहून, चाळीस दिवस पथ्य पाळून ऑपरेशनं व्हायची त्या काळातली ही समजूत आहे. आता ऋतूचा काही संबंध उरलेला नाही. "पिकू दे, मग काढू" हेही त्याच काळातलं. चष्म्याच्या दुकानात कुणीतरी आजींना तसं सांगितलंही होतं. फार पिकलेलं भिंग कधीकधी फुगतं किंवा पाझरतं, डोळ्याचा दाब एकदम वाढतो, आणि मग रात्री-अपरात्री दुखणाऱ्या लाल डोळ्याने पेशंट येतो. आजींचं भिंग त्या टोकाला पोचलं नव्हतं, पण आणखी सहा महिने थांबण्यात फायदा शून्य होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख ठरली. मधल्या दिवसांत गावच्या डॉक्टरांकडून साखरेच्या गोळ्या बदलून घेतल्या.

पुढचा वाद "लेझर"चा झाला. मुलाला लेझरनेच करायचं होतं. आपल्याकडे लोक ज्याला लेझरचं ऑपरेशन म्हणतात त्यात बहुतेक वेळा लेझर नसतोच. त्याचं नाव फेको. त्यात पेनसारख्या हत्याराची पोकळ सुई अतिशय वेगाने थरथरते, ध्वनिलहरींच्या जोरावर भिंग फोडते आणि चुरा शोषून घेते. अमेरिकेत चार्ल्स केलमन या डॉक्टरांनी १९६७ साली ही पद्धत सुरू केली. दातांच्या डॉक्टरकडे दात साफ करून घेताना थरथरणारं हत्यार पाहून त्यांना ती सुचली, असं ते सांगत. फेकोला साधारण अडीच मिलिमीटरची चीर पुरते, आणि घडी घातलेलं भिंग त्यातूनच आत सोडता येतं. दुसरी पद्धत, जुन्या टाक्यांच्या ऑपरेशनच्या मानाने लहान छेदाची, टाका न घालता करायची. तिच्यात सहा-साडेसहा मिलिमीटरचा तिरका बोगदा करून भिंगाचा गाभा अख्खाच्या अख्खा बाहेर काढतात. बोगदा तिरका असल्याने आतल्या दाबाने आपोआप मिटतो.

फेको नवी म्हणून चांगली आणि दुसरी स्वस्त म्हणून हलकी, असा समज पक्का बसला आहे. आजींच्या डाव्या डोळ्यापुरता तो चुकीचा होता. काकवीच्या रंगाचा गाभा दगडासारखा कडक असतो. तो फोडायला यंत्राची ताकद जास्त आणि जास्त वेळ लावावी लागते. त्याचा मार बुबुळाच्या आतल्या अस्तराला बसतो. या अस्तराच्या पेशी एकदा गेल्या की परत तयार होत नाहीत, आणि फारच कमी झाल्या तर बुबुळ कायमचं सुजून पांढुरकं राहतं. आजींच्या अस्तरातल्या पेशी मोजल्या तर बेताच्याच होत्या. म्हणून डाव्यासाठी अख्खा गाभा काढायची पद्धत निवडली. माझ्या जागी फेकोत जास्त हात बसलेला एखादा डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकला असता, हेही मुलाला सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणजे स्वस्तातलं करताय?" मी म्हटलं, "हो, या डोळ्याला तेच बरं पडेल असं मला वाटतं."

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात भिंगाचा नंबर काढला. या पायरीबद्दल पेशंट कधी विचारत नाहीत, पण ऑपरेशन छान होऊनही नजर फसते ती बरेचदा इथेच. नवं भिंग किती ताकदीचं बसवायचं हे डोळ्याच्या लांबीवर आणि बुबुळाच्या गोलाईवर ठरतं. मोठ्या माणसाचा डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो, आणि मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने हुकतो. आजींच्या उजव्या डोळ्याची लांबी प्रकाशाच्या यंत्रावर २२.९६ आली. डाव्यात प्रकाश जाईना, म्हणून बुबुळावर बारीक टोक टेकवून ध्वनिलहरींनी मोजली. २२.६१ आली. आमच्या मदतनीस मुलीने आकडा लिहून ठेवला होता, पण माझं मन घेईना. एकाच माणसाचे दोन डोळे सहसा इतके वेगळे नसतात, आणि टोक जरा जोरात टेकलं की मऊ बुबुळ दबून डोळा आखूड मोजला जातो. पुन्हा, टोक नुसतं टेकेल न टेकेल असं धरून आठ वेळा मोजलं. सात आकडे २२.८८ च्या आसपास आले. पहिल्या आकड्यावर विसंबलो असतो तर पाऊण नंबर जास्त ताकदीचं भिंग बसलं असतं, लांबचं धूसर राहिलं असतं, आणि दोष ऑपरेशनच्या माथी गेला असता. २१ नंबरचं भिंग ठरलं.

अनेक अंतरांवर नजर देणारं महागडं भिंग मी सुचवलंच नाही. ते आत येणारा प्रकाश वाटून घेतं. मागची भिंत ओलसर असण्याचा संशय असेल तर आहे तो प्रकाश वाटून चालत नाही. साधं, एकाच अंतराचं भिंग लांबच्यासाठी घेतलं. जवळच्यासाठी चष्मा लागणार, म्हणजे बिनचष्म्याची सुई बंद. आजींना हे मुद्दाम दोनदा सांगितलं. त्या जरा खट्टू झाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी साखर १८६ होती, रक्तदाब ठीक होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी मोकळी आहे हे आधीच पाहिलं होतं. ती तुंबलेली असली तर तिथले जंतू डोळ्यात जायची भीती असते. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन डोळा बधिर केला. आजी जाग्या होत्या, त्यांना आवाज येत होते, दुखत नव्हतं. डोळ्यात पाच टक्के पोव्हिडोन आयोडीनचे थेंब घालून तीन मिनिटं थांबलो. हे तांबडं औषध जंतू कमी करण्यात फार कामाचं आहे, आणि अजिबात महाग नाही.

प्रत्यक्ष काम पंचवीस मिनिटांचं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बोगदा, मग भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या भागाला गोल खिडकी, गाभा सोडवून बाहेर, उरलेला मऊ भाग धुऊन शोषला, आणि त्याच पिशवीत नवं भिंग सरकवलं. सगळं अवलंबून असतं ते त्या पिशवीच्या मागच्या भिंतीवर. ती कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी पातळ असते. मुरलेल्या हातांनीही शंभरात एखाद-दोन ऑपरेशनांत ती फाटते. फाटली तर भिंग कधी वेगळ्या जागी बसवावं लागतं, कधी त्याच वेळी बसवताच येत नाही, कधी पडद्याच्या डॉक्टरांकडे दुसरं ऑपरेशन लागतं. हेही संमतीपत्रावर सही घेण्याआधी, सही घेणाऱ्या नर्सने नाही, मी स्वतः सांगितलं होतं. आजींची पिशवी शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डावा डोळा ६/६०. बुबुळावर थोडी सूज होती, अशा कडक भिंगानंतर ती अपेक्षितच. मुलाचा चेहरा पडला, कारण डोक्यात शेजारचे काका होते. आजी मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी इतक्या बारीक हाय व्हय?"

थेंब चालू केले, जंतूंसाठी एक आणि सुजेसाठी स्टेरॉइडचं एक. सुजेचं औषध सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, पुढे दर आठवड्याला एकेक कमी करत सहा आठवडे. डोळा दुखायला लागला, लाली वाढली, किंवा दिसत होतं ते कमी झालं, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं, हे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. डोळ्यात जंतू वाढण्याचा प्रकार हजारात एखाद्याच्या वाट्याला येतो, कधी त्याहूनही कमी. पण आला तर बहुधा पहिल्या आठवड्यातच येतो, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. थोडं खुपणं, पाणी येणं, उजेडाने डोळे दिपणं हे चालतं. दिवसागणिक ते कमी व्हायला हवं, वाढायला नको.

दहाव्या दिवशी आजी आल्या तेव्हा बुबुळ काचेसारखं झालं होतं, पण डोळ्यात बारीक दाह अजून होता. औषधाच्या बाटल्या मागितल्या. सुजेची बाटली हातात घेतली तर जवळजवळ भरलेली. दिवसाला सहा थेंब दहा दिवस घातले असते तर ती निम्म्याच्या आसपास उतरायला हवी होती. नात शाळेत जायच्या आधी एक थेंब घालायची आणि संध्याकाळी आल्यावर एक. मधले चार आजींनी स्वतः घालायचे होते, पण ते बहुतेक राहून जात, आणि घातलेले गालावर जात. त्यांना खुर्चीत बसवून घालायला लावले तेव्हा कळलं. त्या बाटली डोळ्याच्या बरोबर वर धरायच्या आणि थेंब पडायच्या क्षणी घट्ट मिटायच्या. त्यांना झोपवलं, डोळा मिटायला लावला, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकला आणि मग सावकाश डोळा उघडायला सांगितलं. थेंब आपोआप आत ओघळला. मिटलेल्या डोळ्यावर औषध टाकायचं हे त्यांना पटायला वेळ लागला, पण जमलं. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक पेशंटकडून एक थेंब आमच्यासमोर घालून घेतो.

दिसण्याचं मात्र ६/३६ वर अडलं. बुबुळ स्वच्छ, भिंग जागेवर, तरी पुढे जाईना. चष्म्याचा नंबरही किरकोळ निघाला, म्हणजे मोजमाप बरोबर होतं. आता खिडकी स्वच्छ होती, म्हणून स्कॅनिंग केलं. पडद्याच्या मधोमध मधुमेहाची सूज होती. तिथली जाडी सर्वसाधारणपणे अडीचशे-पावणेतीनशे मायक्रॉन असते, आजींची ४३० भरली. मशीनच्या पडद्यावर मी मुलाला ती टेकडी दाखवली. जिथे खळगा असायला हवा तिथे उंचवटा होता, आणि त्यात पाण्याचे काळे खळगे.

त्याने जो प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता. "ही सूज आधीपासून होती, का ऑपरेशनमुळे आली?" मला प्रामाणिकपणे दोन्ही शक्यता सांगाव्या लागल्या. इतकी सूज बहुधा आधीची असावी, कारण तिच्या कडेने पिवळसर कडक ठिपके होते आणि ते तयार व्हायला दहा दिवस पुरत नाहीत. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर मधुमेही डोळ्यातली सूज वाढू शकते, आणि सुजेचे थेंब अर्धवट पडले होते. आधीचं किती आणि नंतरचं किती ते वेगळं काढायला माझ्याकडे साधन नव्हतं. ऑपरेशन केलंच नसतं तर सूज दिसली नसती, तिच्यावर इलाजही झाला नसता, आणि ती मागे वाढत राहिली असती.

मे, जून आणि जुलै अशा तीन महिन्यांत डोळ्याच्या आत सूज उतरवणारी तीन इंजेक्शनं पडद्याच्या डॉक्टरांनी दिली. तिसऱ्यानंतर जाडी ३१० वर आली आणि नजर ६/२४, चष्म्याने ६/१८. तिथे ती थांबली. मधल्या पेशी किती काळ पाण्यात होत्या त्यावर पुढचं अवलंबून असतं, आणि तो काळ कुणालाच मोजता येत नाही.

६/१८ म्हणजे काय, हे आजींच्या घरात जाऊन बघावं लागतं. तांदळातले खडे दिसतात. चुलीतला जाळ किती आहे ते दिसतं. अंगणातून येणारी सून आहे की जाऊ, हे आता चालीवरून नाही, तोंडावरून कळतं. एस.टी.ची पाटी मात्र गाडी थांबल्याशिवाय वाचता येत नाही, आणि डाव्या डोळ्याने एकटं पाहिलं तर दाराची चौकट मध्ये किंचित वाकलेली दिसते. शेजारच्या काकांशी तुलना केली तर हा निकाल कमी आहे. मार्चमधल्या तीन फुटांशी केली तर बराच आहे. मुलगा कधी हे बोलतो, कधी ते.

उजव्या डोळ्याची घाई केली नाही. डाव्याची सूज उतरून तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.६ वर आल्यावर ऑगस्टमध्ये तो घेतला. इथे परिस्थिती वेगळी होती. भिंग फक्त पिवळसर होतं, ओसीटी आधीच करता आलं, पडद्याचा मध्य सपाट निघाला. गाभा फारसा कडक नव्हता, म्हणून फेको केली. सुजेच्या विरोधातले थेंब ऑपरेशनच्या आधीपासून सुरू ठेवले, आणि दर आठवड्याला बाटल्या उजेडाला धरून पाहिल्या. या डोळ्याबद्दल मी मुलाला जास्त आशेने बोलले, कारण आशेला आधार दिसत होता. तरी आकडा दिला नाही. दीड महिन्याने चष्म्यासह ६/९ आलं. भिंग, पद्धत आणि डॉक्टर चांगले होते म्हणून ते आलं असं मुलाला वाटतं. मला वाटतं ते मुख्यतः त्या सपाट पडद्यामुळे आलं.

या डोळ्यात पुढे एक-दोन वर्षांनी पुन्हा धुरकट वाटायला लागलं तर घाबरायचं नाही, हे आजींना सांगून ठेवलं आहे. भिंग ज्या पिशवीत बसवलंय तिची मागची भिंत काही जणांत गढूळ होते. तिला मधोमध भोक पाडायला पाच मिनिटांचा खरोखरचा लेझर पुरतो. मोतीबिंदू पुन्हा आला असं लोक म्हणतात, पण तो परत येत नाही, काढलेलं भिंग उगवत नाही. डाव्या डोळ्याचं धुरकटणं मात्र आधी पडद्याकडे बोट दाखवेल, म्हणून तिथे घरी अंदाज न बांधता स्कॅनिंगलाच यायचं.

ऑक्टोबरच्या तपासणीत डावी जाडी ३१० वरून ३४५ झाली होती. नजर तीच होती. पडद्याच्या डॉक्टरांनी चौथं इंजेक्शन सुचवलं. आजींनी कार्तिकीला पंढरपूरला जायचं ठरवलं होतं, त्यामुळे त्या "येताना घेऊ" म्हणाल्या. पण तोवर थांबायला नको, आणि इंजेक्शननंतर आठवडाभर गर्दीत आणि चंद्रभागेच्या पाण्यात जायचं नाही म्हणून आधीचा गुरुवार ठरवला, एकादशीच्या बारा दिवस आधीचा. सुईचा विषय त्यांनी निघता निघता काढलाच. जवळचा चष्मा लावून ओवता येते, पण तो दर वेळी शोधावा लागतो आणि नात कुठेतरी ठेवून देते, ही तक्रार त्यांनी माझ्याकडे केली, आणि मी नातीला गळ्यात अडकवायची दोरी आणायला सांगितली.